कापडी पिशवीवरील चार वाक्ये

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यात इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी मधल्या सुटीत आमच्याकडे एक कागद घेऊन आली. तिच्या आई व शेजारच्या सात बायका मिळून एक बचत गट चालवितात व फावल्या वेळी मांजरपाटाच्या पिशव्या शिवतात. गावातील एका दुकानदाराने त्यांच्याकडे दोनशे पिशव्यांची मागणी केली होती व प्रत्येक पिशवीस गुंडाळावयाच्या पट्टीवर काय छापावे, तो मजकूरही लिहून पाठविला होता. "सर, एवढे शुद्धलेखन तपासून द्या," इतकीच तिची विनंती होती.

मजकूर चार वाक्यांचा होता. "१०० टक्के पर्यावरणपूरक. सेंद्रिय सुती पिशवी. पूर्णपणे मातीत मिसळणारी. एक पिशवी ५०० प्लॅस्टिक पिशव्या वाचवते."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. परंतु आम्ही तो कागद तिच्या हाती लगेच परत देऊ शकलो नाही. यांतील कोणते वाक्य खरे आहे, असे तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, पिशवी तर कापडाची आहे ना? मग सगळेच खरे असेल." हा समज तिचा एकटीचा नाही. कापडाची पिशवी चांगली, प्लॅस्टिकची वाईट, हे आपण इतक्या वेळा ऐकिले आहे की, चांगल्या वस्तूविषयी काहीही चांगले लिहिले तरी ते खोटे होणार नाही असे आपणांस वाटू लागते. तो आठवडा आम्ही व नववीच्या वर्गाने या चार वाक्यांत घालविला. तेथे जे शिकावयास मिळाले ते पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची. पिशवीच्या पट्टीवरील मजकूर ही कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच होय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात जाहिरातीची जी व्याख्या आहे तीत लेबल, वेष्टन व बिल यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे वर्तमानपत्रात अर्धे पान घेणारा कारखानदार व कागदाच्या पट्टीवर चार ओळी छापणारा बचत गट हे दोघेही एकाच नियमाखाली येतात. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत व पुढील वेळी पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. ही कमाल मर्यादा आहे. लहान गटास एवढा दंड होईलच असे नव्हे. तथापि ज्यांच्या नावाने पिशवी विकावयाची, त्यांनी आपण काय छापतो हे समजून छापावे, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

याच प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दाव्यांसंबंधी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आशय सोप्या भाषेत असा : "हिरवे", "पर्यावरणपूरक", "पृथ्वीसाठी चांगले" असे मोघम शब्द नुसते वापरू नयेत. वापरलेच, तर ते कोणत्या अर्थाने खरे आहेत हे तेथेच सांगावे व त्यास पुरावा असावा. शिवाय दावा कशाविषयी आहे, म्हणजे वस्तूविषयी, ती तयार करण्याच्या रीतीविषयी, वेष्टनाविषयी, की टाकून देण्याविषयी, हे स्पष्ट लिहावे. तुलना करावयाची असेल तर कशाशी तुलना केली व कोणत्या आकड्यांवरून केली, हे ग्राहकास कळले पाहिजे.

आता पहिले वाक्य घेऊ. "१०० टक्के पर्यावरणपूरक." येथे १०० टक्के कशाचे? कापूस पिकविण्यास पाणी लागते, बहुधा खत व कीटकनाशक लागते. सूत कातण्यास व विणण्यास वीज लागते. कापड ट्रकमधून येते. या प्रत्येक ठिकाणी हवेवर, पाण्यावर व जमिनीवर काही ना काही भार पडतोच. भार मुळीच न टाकता तयार झालेली पिशवी अस्तित्वात नाही. तेव्हा "१०० टक्के" हे शब्द कोणत्याही पुराव्याने सिद्ध होणार नाहीत. एका विद्यार्थ्याने सुचविले की, "१०० टक्के" काढून टाकावे व "पर्यावरणपूरक" तेवढे ठेवावे. आम्ही त्यास विचारले, "पूरक म्हणजे काय, हे पट्टीवर एका ओळीत लिहून दाखव." त्याने तीन वेळा लिहिले व तीन वेळा खोडले. शेवटी त्याच्या हाती राहिले ते एवढेच : "ही पिशवी पुन्हा पुन्हा वापरता येते." हे मात्र खरे होते, व विकत घेणारास काही सांगणारेही होते. मोघम शब्द पारखण्याची ही एक चांगली रीत आहे. त्याच्या जागी साधे विधान लिहून पाहावे. तसे विधान सापडले तर तेच छापावे. सापडले नाही तर तो शब्द पोकळ होता असे समजावे.

दुसरे वाक्य : "सेंद्रिय सुती पिशवी." येथे दोन दावे एकत्र आहेत, सुती असण्याचा व सेंद्रिय असण्याचा. सेंद्रिय म्हणजे रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पिकविलेल्या कापसाचे. परंतु कापड हातात घेऊन, वास घेऊन किंवा जाळून पाहून कापूस सेंद्रिय होता की नाही हे कोणासही सांगता येत नाही. तो गुण शेतावर असतो. कापडात तो डोळ्यांस दिसत नाही. म्हणून तेथे कागदपत्रांची साखळी लागते. शेतापासून सरकी काढण्याच्या कारखान्यापर्यंत, तेथून सूतगिरणी, विणकाम, रंगकाम व शिवणकाम, अशा प्रत्येक टप्प्यावर मालाची नोंद व तपासणी व्हावी लागते. कापडासाठी जगभर चालणारे गॉट्स नावाचे एक मानक आहे. त्याप्रमाणे वस्तूस "सेंद्रिय" म्हणावयाचे तर तिच्यातील किमान ९५ टक्के तंतू प्रमाणित सेंद्रिय असावे लागतात. किमान ७० टक्के असतील तर "सेंद्रिय तंतू वापरून केलेली" एवढेच म्हणता येते. आणि त्या मानकाचे चिन्ह लावावयाचे तर शेवटचा शिवणारासुद्धा प्रमाणित असावा लागतो.

मुलीच्या आईंस आम्ही बोलाविले. त्या कापडाच्या दुकानाचे बिल घेऊन आल्या. बिलावर "मांजरपाट, कोरा" एवढेच होते. आम्ही विचारले, "ताई, सेंद्रिय हा शब्द कोठून आला?" त्या म्हणाल्या, "रंग न दिलेले कापड आहे, म्हणून दुकानदार म्हणाले की सेंद्रियच लिहा." येथे गफलत उघड झाली. रंग न दिलेले व ब्लीच न केलेले कापड हे कोरे कापड होय. त्याच्या कापसाच्या शेतात किती फवारणी झाली, याविषयी तो पिवळसर रंग काहीच सांगत नाही. कोऱ्या कापडास सेंद्रिय म्हणण्याची ही चूक बाजारात फार आढळते, व पुष्कळदा ती लबाडीने नव्हे, तर अशाच समजुतीने होते. तो शब्द आम्ही खोडला व त्या जागी "रंग न दिलेले कोरे कापड" असे लिहिले.

आता राहिला "सुती" हा शब्द. यातही तपासण्यासारखे आहे. बाजारात कापडासारखी दिसणारी, मऊ, रंगीत, बारीक ठिपक्यांच्या ठशाची एक पिशवी मिळते. पुष्कळ लोक तिला कापडी पिशवी म्हणतात. ती नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या पदार्थाची असते व तो पदार्थ बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिकच असतो. उजेडासमोर धरून पाहिल्यास उभे-आडवे धागे दिसत नाहीत. कडेने ओढल्यास सुटा धागा निघत नाही. अशा पिशवीवर "कापडी" असे लिहिणे म्हणजे प्लॅस्टिक विकून प्लॅस्टिकविरुद्धचे पुण्य पदरात घेण्यासारखे आहे.

आमच्या मुलीच्या पिशवीत उभे-आडवे धागे स्पष्ट होते. तरीही ते निव्वळ सुताचे आहेत की पॉलिएस्टर मिसळलेले, हे पाहण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत ज्योतीची परीक्षा घेतली. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीत नेला. सुती धागा भुरकन पेटतो, जळत्या कागदासारखा वास येतो व मागे मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीजवळ येताच आखडतो, वितळतो व थंड झाल्यावर त्याच्या टोकाशी कठीण काळा मणी राहतो. मिश्र कापडात राखेबरोबर कठीण कण बोटास लागतात. (ही परीक्षा घरी मुलांनी एकट्याने करू नये.) कापडाचा धागा राख होऊन गेला. वर्ग खूश झाला. मग एका मुलीने विचारले, "सर, शिलाईचा दोरा?" तो उसवून ज्योतीत धरला, तर त्याचा काळा मणी झाला.

याबरोबर तिसरे वाक्यही कोसळले. "पूर्णपणे मातीत मिसळणारी." कोरे सुती कापड ओलसर, जिवंत मातीत पुरले तर काही आठवड्यांत ते विरू लागते व काही महिन्यांत ओळखू येत नाही, हे खरे. परंतु पिशवी म्हणजे केवळ कापड नव्हे. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो मागे तसाच राहतो. काही पिशव्यांचे बंद विकतच्या पट्ट्याचे असतात व तो पट्टा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा असतो. वर छापलेले चित्र रबरासारखे जाड व चकचकीत लागत असेल तर ती बहुधा प्लॅस्टिसॉल शाई होय, व तिच्यात पीव्हीसी हे प्लॅस्टिक असते. तेव्हा "पूर्णपणे" या शब्दास प्रत्येक भागाचे उत्तर द्यावे लागते.

सुती दोरा वापरावा काय, असाही विचार निघाला. बायकांचा अनुभव असा की, त्यांच्या यंत्रावर सुती दोरा वारंवार तुटतो, व बंदाच्या मुळाशी पॉलिएस्टरचा दोरा अधिक टिकतो. पिशवी लवकर उसवली तर ती लवकर फेकली जाणार. मग मातीत मिसळण्याच्या नावाखाली तिचे आयुष्यच कमी केल्यासारखे होईल. शेवटी दोरा आहे तोच ठेवावयाचे ठरले व पट्टीवर तसे लिहावयाचे ठरले. उणीव सांगून टाकली म्हणजे तिची लाज राहत नाही. दोऱ्याविषयी एक खरा शब्द वाचणारा मनुष्य कापडाविषयीच्या शब्दावरही विश्वास ठेवतो. शिवाय हा दावा निरुपयोगीही होता. आपल्याकडील फाटकी पिशवी बहुधा पुसण्याचे फडके होते व अखेर कचऱ्याच्या गाडीत जाते. तेथे ती मातीत मिसळते की कचऱ्याच्या ढिगात दबून पडते, हे पिशवी विकणाराच्या हाती नसते.

आता चौथे वाक्य, व तेच सर्वांत मोहक : "एक पिशवी ५०० प्लॅस्टिक पिशव्या वाचवते." हा आकडा कोठून आला, हे दुकानदारास विचारून येण्यास आम्ही मुलीस सांगितले. तो म्हणाला, आठवड्यातून दोन वेळा बाजार, वर्षाचे शंभर वेळा, पाच वर्षे पिशवी टिकणार, झाले पाचशे. गुणाकार बरोबर आहे. परंतु त्याच्या पोटात तीन गृहीत गोष्टी आहेत. पिशवी पाच वर्षे टिकेल, हे कोणी पाहिलेले नाही. प्रत्येक बाजाराच्या वेळी हीच पिशवी नेली जाईल, हेही धरून चाललेले आहे. आणि ही नसती तर त्या प्रत्येक वेळी प्लॅस्टिकचीच पिशवी घेतली असती, असे मानलेले आहे. वास्तविक महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ साली बंदी आली, व देशभर १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस ३१ डिसेंबर २०२२ पासून मनाई आहे. चोरून मिळतात, हे आपण जाणतो. पण ज्या घरी आधीच जुनी कापडी पिशवी खुंटीस टांगलेली आहे, त्या घरी ही नवी पिशवी प्लॅस्टिकची नव्हे, तर त्या जुन्या पिशवीचीच जागा घेते. मग वाचले काय?

याहून खोल प्रश्न पुढे आहे. पाचशे पिशव्या वाचल्या असे धरले, तरी एक सुती पिशवी तयार करताना पडणारा भार किती प्लॅस्टिक पिशव्यांच्या भाराएवढा असतो? याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले की, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी तुलना करता, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर हवामानावरील तिचा भार त्या पिशवीइतका खाली येतो. ती प्लॅस्टिकची पिशवी घरात कचऱ्याच्या डब्यासाठी पुन्हा वापरली जात असेल, तर हा आकडा आणखी वाढतो. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानाच्या मापाने ५२ वेळा असा आकडा निघाला. परंतु तपासलेल्या सर्व मापांत सुती पिशवीने बरोबरी साधावी असे म्हटल्यास तो ७१०० वेळांवर गेला, कारण ओझोनच्या थरावरील परिणामाच्या मापात ती फारच मागे पडली.

हे आकडे ऐकून वर्गात गलबला झाला. एक म्हणाला, "मग प्लॅस्टिकच चांगले!" दुसरा म्हणाला, "आकडेच खोटे असतील." दोघांसही थांबविणे भाग होते. एकाच वस्तूविषयी १३१, ५२ व ७१०० हे तीन आकडे निघतात, ते प्रश्न निरनिराळे विचारले म्हणून. तुलनेची प्लॅस्टिक पिशवी कोणती, ती पुन्हा वापरली काय, कोणता परिणाम मोजला, शेवटी ती जाळली की पुरली, यांवर उत्तर अवलंबून असते. आणि या दोन्ही अभ्यासांत रस्त्यावर उडणाऱ्या, गटारे तुंबविणाऱ्या व गाईगुरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्यांचा हिशेब धरलेला नाही. आपल्याकडे प्लॅस्टिक पिशवीविरुद्धची मुख्य तक्रार तीच आहे. तेव्हा या आकड्यांवरून प्लॅस्टिक निर्दोष ठरत नाही. ठरते ते एवढेच की, सुती पिशवीचा चांगुलपणा ती विकत घेतल्याच्या क्षणी पूर्ण होत नाही. विकत घेतली तेव्हा ती कर्जात असते; प्रत्येक वापराने ते कर्ज थोडे थोडे फिटते.

वर्गातील एका हुशार मुलाने लगेच त्रैराशिक मांडले. इंग्लंडच्या अभ्यासातील सुती पिशवीचे वजन १८३ ग्रॅम होते. आमची पिशवी तराजूवर ९० ग्रॅम भरली. १८३ ग्रॅमला १३१ वेळा, तर ९० ग्रॅमला सुमारे ६४ वेळा. "सर, हा आकडा छापू या," तो म्हणाला. त्रैराशिक चुकलेले नव्हते, व स्वतःच्या समजुतीसाठी ते उपयोगी होते. परंतु छापण्यास ते पुरेसे नाही. त्या अभ्यासात पिशवीत किती सामान मावते याचाही हिशेब आहे. आमची पिशवी हलकी आहे, तशीच लहानही आहे. आपल्याकडील वीज, कापूस व वाहतूक निराळी आहे. दुसऱ्याच्या पिशवीचा आकडा आपल्या पिशवीवर छापणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचे गुण आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिण्यासारखे होय.

तरी त्या १३१ चा एक उपयोग आम्ही केला. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन दाराच्या मागे किती कापडी पिशव्या आहेत, त्या मोजून याव्यात असे सांगितले. लग्नातील, दुकानातील, सभेतील, अशा पिशव्या पुष्कळ घरी निघाल्या. एका घरी बारा निघाल्या. आता त्या घरचा हिशेब पाहा. आठवड्यातून दोनदा बाजार, म्हणजे वर्षात १०४ वेळा. बारा पिशव्या आळीपाळीने वापरल्या तर प्रत्येकीच्या वाट्यास वर्षात नऊ वेळाही येत नाहीत. १३१ वेळा गाठण्यास पंधरा वर्षे लागतील. तेच घर एकच पिशवी नेईल तर सव्वा वर्षात तो आकडा पुरा होतो. पिशवी तीच, कापूस तोच. फरक केवळ दारामागच्या गर्दीचा. दुकानदाराने दोन पिशव्यांवर एक फुकट अशी योजनाही सुचविली होती. तिचे काय करावे, हे यापुढे मुलांस सांगावे लागले नाही.

मग आमच्या ध्यानात आले की, पिशवी टिकण्याचा दावा करण्याऐवजी ती खरोखर टिकेल असे करणे हेच आधीचे काम आहे. बायकांनी नमुन्याची एक पिशवी दिली. तीत पाच किलो तांदूळ घालून मुलांनी ती पुन्हा पुन्हा उचलली व ठेवली. कापडास काही झाले नाही. बंद जेथे तोंडाशी शिवलेला होता तेथील टाके मात्र सैल झाले. कापडी पिशवी बहुतेक वेळा येथेच उसवते. बंद एकाच आडव्या शिलाईने बसविला होता. दुसऱ्या नमुन्यात त्यांनी बंद दोन इंच आत घेऊन त्यावर चौकोन व चौकोनात फुली अशी शिलाई मारली, तेव्हा ती पाच किलोंस सैल झाली नाही. यास प्रत्येक पिशवीमागे थोडा दोरा व दोन मिनिटे अधिक लागली. पिशवी एकदा धुऊनही पाहिली, कारण कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. वाळल्यावर मोजलेले मापच पट्टीवर द्यावयाचे ठरले.

अखेरीस एक गोष्ट आमच्याही नजरेतून सुटली होती. त्या मुलीनेच ती दाखविली. नमुन्याची पिशवी आमच्याकडे आली ती पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या वेष्टनात घालून. कापडास धूळ लागू नये म्हणून दुकानदाराने तसे सांगितले होते. "प्लॅस्टिक वाचवते" असे म्हणणारी पट्टी प्लॅस्टिकच्या आतून वाचावी लागत होती! ते वेष्टन काढून घडीभोवती कागदाचा रुंद पट्टा गुंडाळावयाचे ठरले.

इतके झाल्यावर मजकूर तयार झाला तो असा :

"सुती पिशवी. कापड : १०० टक्के सूत, रंग न दिलेले, कोरे. शिलाईचा दोरा : पॉलिएस्टर. वजन सुमारे ९० ग्रॅम. एकदा धुतल्यानंतरचे माप ३८ × ४० सेंटिमीटर. पाच किलोपर्यंतच्या सामानासाठी. थंड पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी. बंद उसवल्यास शिवून घ्यावा. घरी अशी पिशवी असल्यास ती आधी वापरावी. ही घेतल्यास पुष्कळ वर्षे वापरावी. तिचा खरा उपयोग त्यातच आहे."

यातील "१०० टक्के" हे शब्द राहू दिले, कारण येथे ते कापडाविषयी आहेत व त्यास आधार आहे. मात्र ज्योतीची परीक्षा एका धाग्याची असते, साऱ्या ताग्याची नव्हे. म्हणून कापडाच्या दुकानदाराकडून "शुद्ध सुती" असे बिलावर लिहून घेण्यास आम्ही ताईंस सांगितले, व पुढे प्रत्येक नवीन तागा आला की तसेच करावे असे सुचविले. कापड बदलले व पट्टी जुनीच राहिली, तर कालचे खरे वाक्य आज खोटे होते.

"घरी पिशवी असल्यास ती आधी वापरावी" या वाक्यावर गटात बराच वाद झाला, असे मुलीने सांगितले. आपणच आपल्या गिऱ्हाइकास परत पाठवावयाचे काय, असे एका बाईंचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. त्या पिशव्यांवर आठ घरांची मिळकत अवलंबून आहे. ते वाक्य ठेवावे की काढावे, हे आम्ही त्यांच्यावरच सोपविले, कारण ते काढल्याने मजकूर खोटा होत नव्हता. त्यांनी ते ठेविले.

दुकानदारास नवा मजकूर फारसा आवडला नाही. "यात विकण्यासारखे काय आहे?" असे तो म्हणाला, व दोनशेच्या जागी शंभरच पिशव्या घेतल्या. म्हणजे खऱ्या शब्दांची किंमत त्या आठ बायकांस शंभर पिशव्यांएवढी पडली, हे आम्ही लपवीत नाही. त्या मुलीस हे सांगताना आम्हांस संकोच वाटला. तिने पट्टीचा छापील नमुना आमच्या मेजावर ठेवला व म्हणाली, "सर, आई म्हणते, आता कोणीही काही विचारले तरी उत्तर देता येते."

ती पट्टी आमच्या वर्गातील फलकावर अजून आहे. तिच्याशेजारी मुलांनी बाजारातून आणलेल्या इतर पिशव्यांची लेबले लाविली आहेत, व प्रत्येकाखाली पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला आहे : "कशाविषयी? कशावरून?"